मेडिकलमधली बीपीची वही

तालुक्याच्या गावातला रक्तदाबाचा रुग्ण डॉक्टरांकडे वर्षातून दोन-तीनदा जातो. मेडिकलच्या काउंटरवर मात्र तो दर महिन्याला, कधी दर पंधरवड्याला येतो. घडीवर फाटत आलेली चिठ्ठी किंवा गोळ्यांचे रिकामे पाकीट पुढे सरकवतो, 'हीच द्या' म्हणतो, पैसे देतो आणि निघतो. दुकानदाराला त्याचे नाव, त्याची वाडी आणि त्याच्या घरातल्या इतर दुखण्यांची माहिती असते. गोळी सुरू आहे की मध्येच बंद पडली, हेही खरे तर डॉक्टरांच्या आधी दुकानदारालाच कळू शकते. पण ते विचारण्याची पद्धत नाही आणि विचारले तरी कुठे लिहून ठेवण्याची पद्धत नाही.

गावातले दवाखाने आणि औषध दुकाने 'आरोग्यसेवा' म्हणून काही करायचे ठरवतात, तेव्हा बहुधा शिबिर भरते. मांडव, बॅनर, मोफत तपासणी, दुपारपर्यंत रांग. शंभरेक लोकांच्या हातात आकडे लिहिलेले कागद पडतात आणि पुढच्या आठवड्यात ते कुठे आहेत हे कुणालाच माहीत नसते. नाहीतर एखादी प्रयोगशाळा साठ-सत्तर चाचण्यांचे 'फुल बॉडी पॅकेज' दुकानातून विकायला देते. यापेक्षा साधे, स्वस्त आणि कितीतरी जास्त उपयोगाचे काम एकच आहे: नेहमीच्या गिऱ्हाइकाचे बीपी नीट मोजणे, त्याच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणे आणि तो हिशेब डॉक्टरांपर्यंत पोचवणे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातल्या 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, म्हणजे साधारण तिघांत एकाला. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. त्रास कळतो तो अर्धांगाचा झटका आल्यावर, हृदयविकार झाल्यावर किंवा मूत्रपिंड निकामी होऊ लागल्यावर. म्हणून हा आजार मोजल्याशिवाय सापडत नाही, आणि चुकीचे मोजले तर नसलेल्या माणसातही सापडतो.

मोजण्यातली चूक काउंटरवर रोज दिसते. गिऱ्हाईक उन्हातून मोटारसायकलवर आलेले असते, तोंडात तंबाखू असते. काउंटरच्या या बाजूला उभ्या उभ्याच ते हात पुढे करते. शर्टाची बाही वर गुंडाळून दंडावर घट्ट बसलेली असते आणि पट्टा तिच्यावरूनच आवळला जातो. मशीन घरघरत असताना गिऱ्हाईक पावसाबद्दल बोलत असते. शेवटी पडद्यावर 168 दिसते आणि ते घाबरून घरी जाते. त्यातले वीसेक अंक त्याच्या रक्तदाबाचे नव्हेत, मोजण्याच्या पद्धतीचे असू शकतात.

नीट मोजायला एक पाठीची खुर्ची, एक टेबल आणि सात-आठ मिनिटे लागतात. माणसाने पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून, मांडीवर मांडी न घालता पाच मिनिटे शांत बसायचे. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू, विडी-सिगारेट झालेली नसावी. लघवीला लागली असेल तर आधी जाऊन यावे, कारण तेवढ्यानेही आकडा चढतो. दंड उघडा हवा आणि हात टेबलावर असा ठेवलेला हवा की पट्टा हृदयाच्या पातळीला येईल. हात खाली लोंबत असेल तर आकडा खोटा वाढतो. मोजताना माणसानेही बोलायचे नाही आणि मोजणाऱ्यानेही नाही.

पट्ट्याच्या मापाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. मशीनबरोबर एकच मध्यम पट्टा येतो आणि तोच पैलवानालाही लावतात, किडकिडीत म्हातारीलाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला की रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो, आणि बारीक दंडाला मोठा लावला की कमी. पट्ट्यावर तो किती सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी आहे हे छापलेले असते. शिंप्याच्या टेपने दंड मोजून त्याच्याशी ताडून पाहायला दहा सेकंद लागतात. दुकानात मोठा पट्टा वेगळा घेऊन ठेवलेला असला की निम्म्या चुका तिथेच मिटतात. मनगटावर लावायची मशीन या कामासाठी घेऊ नये. दंडावरचे, तपासून प्रमाणित झालेले स्वयंचलित मशीन घ्यावे आणि ते वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडच्या मशीनशी पडताळून पाहावे.

मोजायचेही एकदाच नाही. एक मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजावे, पहिला आकडा सोडून द्यावा आणि उरलेल्या दोघांची सरासरी लिहावी. वरचा आकडा 164, मग 156, मग 152 असा आला तर वहीत 154 जातो. पहिला आकडा सोडायचा, कारण नव्या जागी पट्टा आवळला जाताना बहुतेकांचे बीपी थोडे उडी मारते. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचे मोजावे आणि ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम वापरावा. कुठला हात तेही लिहून ठेवावे.

एवढ्यावरून कुणाला 'तुम्हाला बीपी आहे' असे सांगायचे नसते. निदान डॉक्टर करतात, तेही सहसा दोन वेगळ्या दिवशी घेतलेल्या मापांवरून. दुकानाने काय करायचे याची चौकट मात्र आधीच गावातल्या डॉक्टरांशी बसून ठरवता येते आणि ती काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवता येते. 140/90 च्या खाली असेल तर आकडा कार्डावर लिहून द्यायचा आणि पुन्हा कधी यायचे ते सांगायचे. त्याच्या वर असेल तर आठवड्याभरात दुसऱ्या दिवशी परत मोजायचे, आणि तेव्हाही वर असेल तर दोन्ही आकडे लिहिलेले कार्ड घेऊन डॉक्टरांकडे पाठवायचे. 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि त्याच्या जोडीला छातीत दुखणे, दम लागणे, बोबडी वळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची ताकद जाणे यातले काहीही असेल तर थेट मोठे रुग्णालय, वाट न बघता.

अशा वेळी एक जुनी सवय जिवावर बेतू शकते. बीपी खूप वाढलेले दिसले की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली द्यायची पद्धत एके काळी सर्रास होती आणि काही ठिकाणी अजून आहे. त्याने रक्तदाब इतका झपाट्याने कोसळू शकतो की मेंदूला किंवा हृदयाला रक्त कमी पडते. औषध दुकानात तर ही कॅप्सूल कुणी मागितली तरी या कामासाठी देऊ नये.

आता वहीकडे वळू, कारण दुकानाकडे जे आहे आणि दवाखान्याकडे नाही ते इथेच आहे. उदाहरण म्हणून एक गिऱ्हाईक कल्पून पाहू. वय 56, जवळच्या वाडीतला शेतकरी, दर गुरुवारी आठवडी बाजाराला येणारा. डॉक्टरांनी त्याला अॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची रोज एक गोळी दिलेली आहे. तो 15 गोळ्यांचे पाकीट नेतो. दुकानाच्या वहीत त्याच्या नावापुढे तारखा आहेत: 2 जानेवारी, 23 जानेवारी, 20 फेब्रुवारी, 20 मार्च.

20 मार्चला तो आला, तेव्हा बीपीची सरासरी 154/96 भरली. तो डॉक्टरांकडे गेला तर डॉक्टर काय करतील? 'गोळी घेता ना?' असे विचारतील, तो 'घेतो की' म्हणेल, आणि गोळी पुरत नाही असे समजून डॉक्टर डोस 10 करतील किंवा टेल्मिसार्टन जोडतील. त्यांच्यासमोर असलेल्या माहितीनुसार ते बरोबरच आहे. पण वहीतल्या तारखा वेगळे सांगतात. 2 जानेवारी ते 20 मार्च म्हणजे 77 दिवस. तेवढ्या दिवसांत त्याने आधी नेलेल्या गोळ्या 45. म्हणजे 32 दिवस हा माणूस गोळीविना होता, आणि फार तर 58 टक्के दिवसच औषध पोटात गेले. साधारणपणे 80 टक्क्यांच्या खाली गेले की औषध नियमित चालू नाही असे धरतात. इथे गोळी कमी पडलेली नाही, गोळी घेतलीच गेलेली नाही.

डोस वाढवला असता तर काय झाले असते, तेही पाहण्यासारखे आहे. एक तर खर्च वाढला असता आणि खाडे आणखी वाढले असते. किंवा घाबरून त्याने दोन्ही गोळ्या रोज घ्यायला सुरुवात केली असती आणि शेतात वाकून उठताना चक्कर येऊन पडला असता.

मग काउंटरवर विचारायचे कसे? 'गोळ्या का चुकवता?' असे विचारले की उत्तर ठरलेले आहे: 'नाही हो, रोज घेतो.' त्याऐवजी असे विचारता येते: 'मामा, रोजची गोळी म्हटली की कधीमधी राहतेच. गेल्या आठवड्यात किती दिवस राहिली असेल?' अशा प्रश्नाला लोक खरे उत्तर देतात. कारणे बहुधा चार-पाचच निघतात. डोके जड झाले तरच गोळी घ्यायची, असा समज. पाकीट संपले आणि पुढचा बाजार आठ दिवसांवर होता. पैसे नव्हते. पाय सुजले म्हणून भीतीने बंद केली. उपवास होता. आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारे: 'बीपी नॉर्मल आलं होतं, म्हणून सोडली.'

यातल्या प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे आणि त्यातले बरेचसे फार्मसिस्टच्या हातातले आहेत. डोके जड झाल्यावरच गोळी घेणाऱ्याला सांगायचे की अॅम्लोडिपिन ही डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. ती हळूहळू रक्तात साचते, रोज घेतली तर साधारण आठवडाभरात तिची पातळी स्थिर होते आणि पूर्ण परिणाम दिसायला आणखी काही आठवडे लागतात. म्हणूनच एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, पण आठवडाभर बंद ठेवली की केलेले काम वाया जाते. बाजाराच्या दिवसाची अडचण असेल तर एकदम 30 गोळ्या द्यायच्या आणि पुढच्या खेपेची तारीख पाकिटावरच पेनाने लिहायची. ज्याला दर पंधरवड्याला खेप जमत नाही, त्याचे चिठ्ठीनुसार दोन महिन्यांचे औषध एकदम बांधून द्यायचे. पैशाचा प्रश्न असेल तर त्याच औषधाची स्वस्त जेनेरिक गोळी आहे आणि सरकारी आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते, हे सांगायला दुकानदाराने कचरू नये. दोन गिऱ्हाईक तिकडे गेले तरी चालेल. पाय सुजणे हा अॅम्लोडिपिनचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. त्यासाठी गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरांकडून बदलून घ्यायची असते.

आपल्या शेतकऱ्याला दर पंधरवड्याऐवजी महिन्याचे औषध दिले, पुढची तारीख 17 एप्रिल लिहिली आणि त्याच्या कार्डावर डॉक्टरांसाठी एक ओळ लिहिली: '77 दिवसांत 45 गोळ्या, डोस तोच ठेवून 4 आठवड्यांनी पुन्हा मोजावे का?' 17 एप्रिलला तो आला आणि मधल्या 28 दिवसांत खाडा नसतानाही आकडा 140 च्या वरच असेल, तर आता डोस वाढवण्याचा डॉक्टरांचा निर्णय पक्क्या पायावर उभा असेल. आणि आकडा उतरला असेल तर एक जादा गोळी वाचली.

वहीचे दुसरे काम न आलेल्यांना शोधायचे. 17 एप्रिलला जो यायचा होता तो आला नाही, तर आठवड्यात एक फोन. ही कल्पना नवी नाही. 2017 साली सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे महाराष्ट्रातले जिल्हे सुरुवातीपासून होते. त्या उपक्रमाचा गाभाच साधा होता: ठरलेली मोजकी औषधे, त्यांचा खंड न पडणारा पुरवठा, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि तपासणीला न आलेल्यांचा पाठपुरावा. सरकारी केंद्रात नोंदलेल्या रुग्णांसाठी हे झाले. पण तालुक्याच्या गावात खासगी डॉक्टरांकडे जाणारा आणि मेडिकलमधून गोळी घेणारा रुग्ण या नोंदींत येत नाही. त्याच्यासाठी दुकानाची वही हीच नोंद.

वहीत आणखी एक रकाना हवा, तो म्हणजे बाकीच्या गोळ्यांचा. रक्तदाब आटोक्यात न येण्याचे एक मोठे कारण त्याच काउंटरवरून विकले जाते. गुडघेदुखीसाठी महिनोन् महिने चाललेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवते आणि बीपी चढवते. सर्दीच्या कित्येक गोळ्यांत फेनिलेफ्रिन असते, ते रक्तवाहिन्या आवळते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी लोक परस्पर घेत राहतात त्या स्टेरॉइडच्या गोळ्याही त्यातल्याच. रुग्ण डॉक्टरांना हे सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते 'औषध' नसते, ती 'दुखण्याची गोळी' असते. सर्वांत जपावे ते टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी दोन्ही घेणाऱ्याला. त्याने वर डायक्लोफिनॅक सुरू केली तर मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते, विशेषतः उन्हाळ्यात पाणी कमी पडलेले असताना किंवा जुलाब झालेले असताना. अशा गिऱ्हाइकाच्या नावापुढे लाल पेनाने खूण असावी आणि दुकानातल्या पोऱ्यालाही ती माहीत असावी.

इथे एक गोष्ट स्पष्ट म्हणायला हवी. दुखण्याच्या गोळ्या मागेल त्याला देत राहायच्या आणि शेजारी बीपीचे मशीन मांडून बसायचे, हे एकत्र जमणार नाही. ही सेवा सुरू करणाऱ्याला तो धंदा थोडा सोडावा लागेल.

फार्मसिस्टला सोबत घेतले की फरक किती पडतो याचा एक गाजलेला पुरावा अमेरिकेतला आहे. लॉस एंजलिसमध्ये कृष्णवर्णीय पुरुषांच्या 52 केशकर्तनालयांत डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या गटाने 319 गिऱ्हाइकांवर अभ्यास केला आणि 2018 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही दुकानांत नुसता सल्ला आणि 'डॉक्टरांकडे जा' असे सांगणे होते, काही दुकानांत प्रशिक्षित फार्मसिस्ट स्वतः येऊन मोजत आणि औषध ठरवत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सुमारे 9 ने उतरला, दुसऱ्याचा 27 ने. इंग्लंडमध्येही ऑक्टोबर 2021 पासून औषध दुकानांत चाळिशीपुढच्या लोकांचे बीपी मोजण्याची सरकारी सेवा आहे. आकडा जास्त आला तर दुकानच 24 तास मोजणारे यंत्र बांधून देते आणि निकाल डॉक्टरांकडे पाठवते.

आपल्याकडे हे जसेच्या तसे करता येणार नाही. लॉस एंजलिसचा फार्मसिस्ट डॉक्टरांशी झालेल्या करारानुसार गोळी बदलू शकत होता. भारतात तो अधिकार फार्मसिस्टला नाही. बीपीची औषधे चिठ्ठीवरच द्यायची असतात. 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी औषधाबद्दल रुग्णाला समजावून सांगणे हे नोंदणीकृत फार्मसिस्टचे काम मानले आहे, पण निदान आणि औषधयोजना त्यात येत नाही. शिवाय 'बीपी कायमचे बरे करू' अशी पाटी लावणे 1954 च्या जाहिरातविषयक कायद्याने गुन्हा ठरते. म्हणून गावातले दोन-तीन डॉक्टर आणि दुकानदार यांच्यात लेखी समजूत हवी: कुठल्या आकड्याला काय करायचे, कार्ड एकच वापरायचे, आणि पाठवलेल्या रुग्णामागे कुणी कुणाला पैसे द्यायचे नाहीत. हे शेवटचे कलम वगळले तर लोक सेवेवर विश्वास ठेवणार नाहीत, आणि त्यांचे चुकणार नाही.

रुग्ण कोणत्या डॉक्टरांकडे जातो ते त्याचे त्याने ठरवायचे. वहीतली नावे काउंटरवर उघडी पडू नयेत. गावात 'त्याला बीपी आहे म्हणे' ही बातमी लग्नाच्या बोलणीपर्यंत पोचते, हे तिथल्या दुकानदाराला सांगायची गरज नाही.

खर्च पाहिला तर दंडावरचे चांगले मशीन, एक जादा पट्टा, खुर्ची आणि छापलेली कार्डे एवढाच. खरी किंमत वेळेची आहे. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाला आठ मिनिटे देता येत नाहीत. त्यासाठी रोज दुपारी दोन ते चार ही मोकळी वेळ ठरवावी आणि मोजण्याचे वीस-तीस रुपये सरळ घ्यावेत. फुकट मोजण्याच्या बदल्यात जीवनसत्त्वांची बाटली गळ्यात मारण्यापेक्षा ते प्रामाणिक आहे. सुरुवात दोनशे नावांनी नको, आधीच बीपीची गोळी घेणाऱ्या वीस-पंचवीस नेहमीच्या गिऱ्हाइकांनी करावी. त्यांच्या तारखा तीन महिने लिहिल्या तरी किती जण मध्येच गळतात ते दिसते.

वाचकाच्या घरात बीपीची गोळी चालू असेल, तर दुकान सुरू करेपर्यंत थांबायचे कारण नाही. पाकीट आणले की त्याच्या मागच्या बाजूला आणल्याची तारीख लिहा. पुढचे आणताना मधले दिवस मोजा, गोळ्या मोजा, आणि डॉक्टरांकडे जाताना तो आकडा आणि चालू असलेल्या बाकी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या.